मिशन रविवारच्या उपदेशाबद्दल

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू फोनवर सांगितलंस, मिशन रविवारी तुला मेळघाटात जाणाऱ्या त्या जोडप्यासाठी उपदेश करायचा आहे, आणि मंडळी फक्त चाळीस घरांची आहे. फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. इतकी वर्षं मंडळीची खजिनदार होते, त्यामुळे मिशनच्या अर्पणाचं काय होतं ते मी वहीत पाहिलं आहे. त्या रविवारी थाळी भरते, पुढच्या महिन्यात अर्धी येते आणि पाऊस सुरू झाला की कुणाला आठवतही नाही. लोक वाईट नसतात. त्यांना त्या दिवशी फक्त द्यायला सांगितलेलं असतं, पाठवायला सांगितलेलं नसतं.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं, की मत्तय २८ मधलं ‘जाऊन शिष्य करा’ घेऊ नकोस. ते वचन सगळ्यांना पाठ आहे, आणि ते ऐकलं की जो जात नाही त्याला फक्त अपराधी वाटतं. फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय घे, १० ते २० वचनं. पाठवणाऱ्या गरीब मंडळीची गोष्ट इतक्या तपशिलात दुसरीकडे मिळत नाही. गरीब म्हणते, कारण २ करिंथ ८ मध्ये पौल मासेदोनियाच्या मंडळ्यांबद्दल लिहितो की त्या कमालीच्या दारिद्र्यात होत्या आणि तरी ऐपतीपलीकडे दिलं. फिलिप्पै त्यातलीच.

सुरुवात प्रेषितांची कृत्ये १६ पासून कर. नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या बाया, थुवतीराची जांभळी वस्त्रं विकणारी लुदिया, तुरुंगाचा अधिकारी आणि त्याचं घर. मंडळी एवढीच. पौल तिथून थेस्सलनीकेस गेला, म्हणजे साधारण दीडशे किलोमीटरवर, आणि या लोकांनी तिथे त्याला एकदा नव्हे, पुन्हा मदत पाठवली. नंतर तो करिंथात होता तेव्हा त्याने करिंथकरांकडून काही घेतलं नाही. मासेदोनियाहून आलेल्या बांधवांनी त्याची गरज भागवली, असं तो स्वतः सांगतो. हे नीट समजावून सांग. फिलिप्पैच्या पैशामुळे करिंथातल्या नव्या लोकांवर त्याचा भार पडला नाही. तुमचं जोडपं कोरकू पाड्यांत जाईल. तिथे घरात कुपोषित लेकरू असलेल्या माणसाला सेवकाच्या पोटाची काळजी पडायला नको. ती काळजी तुमच्या चाळीस घरांनी उचलायची, असा याचा अर्थ.

मग चौथ्या अध्यायात ये. पौल कैदेत होता, परंपरेप्रमाणे रोममध्ये. त्या काळी कैद्याचं खाणं-पिणं बरंचसं बाहेरून येणाऱ्या मदतीवर चालायचं. फिलिप्पैकरांनी पैसे दिले आणि सोबत माणूसही पाठवला, एपफ्रदीत. त्याची पुढची गोष्ट त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे: तो वाटेत किंवा तिथे गेल्यावर इतका आजारी पडला की मरणाला टेकला, आणि ही बातमी घरी पोहोचल्याचं कळून तोच कासावीस झाला. पौल त्याला परत पाठवतो आणि मंडळीला सांगतो, याला आनंदाने घ्या, अशा माणसांचा मान राखा. पौलाने हे मुद्दाम का लिहिलं असेल? मला वाटतं, त्याला गावचे लोक ओळखीचे होते. ‘लवकर परत आला, म्हणजे जमलं नाही’ असं कुणीतरी बोललंच असतं. तुझ्याकडेही बोलतील. ते जोडपं मलेरियाने वर्षभरात परत आलं तर काय म्हणायचं, ते मंडळीला आत्ताच, ती दोघं समोर बसलेली असताना सांगून ठेव.

पौल आभार कसे मानतो तेही दाखव. तो गरिबीचं रडगाणं गात नाही. मी कमीतही राहायला शिकलो, विपुलतेतही शिकलो, असं म्हणतो, आणि मला देणगीची हाव नाही, तुमच्या हिशेबात फळ वाढावं ही इच्छा आहे, असं सांगतो. तेव्हा तूही सेवकांना केविलवाणं करून उभं करू नकोस. आणि मेळघाटच्या लोकांना अंधारात चाचपडणारे म्हणून तर मुळीच रंगवू नकोस. त्यांची स्वतःची भाषा आहे, होळीचा मोठा सण आहे, आणि ती माणसं उद्या तुझ्या मंडळीत पाहुणी म्हणून आली तर तुझे शब्द त्यांच्या तोंडावर उच्चारता आले पाहिजेत.

भाषेबद्दल थोडं जास्त बोल. कोरकू मराठीच्या कुळातली नाही, ती मुंडा कुळातली, संथाळीच्या नात्यातली. ती कानाने शिकायला, पाड्यावर राहून, वर्षं लागतात. होळीनंतर पुष्कळ घरं मजुरीसाठी बाहेर पडतात, पाड्यात म्हातारी माणसं उरतात. पावसाळ्यात परतवाड्याहून धारणीकडचा घाटरस्ता त्रास देतो आणि फोन लागत नाही. म्हणजे पहिली दोन-तीन वर्षं सेवकाच्या पत्रात आकडे नसतील. भाषा शिकतो, लेकरांना अक्षरं शिकवतो, आजाऱ्याला धारणीच्या दवाखान्यात घेऊन जातो, एवढंच असेल. हे आधी सांगितलं नाहीस तर दुसऱ्या वर्षी पंच कमिटीत कुणीतरी विचारेल, ‘काम किती झालं?’ आणि तिथून अर्पण आटायला लागेल.

आता पैशाचं. व्यासपीठावरून पैशाचं बोलताना लाजू नकोस, पौल लाजला नाही. पण नेमकं सांग. समज, त्या दोघांना महिन्याला पंधरा हजार लागतात. चाळीसपैकी तीस घरांनी दोनशे रुपये दिले तर सहा हजार होतात. मग प्रामाणिकपणे सहा हजारांचीच जबाबदारी घ्या, उरलेल्यासाठी शेजारच्या दोन मंडळ्यांना विचारा. पूर्ण भार घेऊन सहाव्या महिन्यात सोडणं हे सेवकाला फार महागात पडतं, कारण त्याने तोवर तिथे खोली भाड्याने घेतलेली असते. आणि ज्या घरात रोख नाही त्यांच्यासाठी वाट ठेव. मिझोरमच्या मंडळीत बाया रोजच्या भाताआधी मूठभर तांदूळ बाजूला काढतात, ‘बुहफाइ थाम’ म्हणतात त्याला. ते तांदूळ गोळा करून विकतात आणि त्यातून मिशनचं काम चालतं. आपल्याकडे ज्वारी-बाजरी चालेल. कापणीच्या सणाला आपण कोंबडी आणि शेवग्याचा लिलाव करतोच. महिला मंडळाने डबे वाटावेत आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आणावेत. किती आलं ते खजिनदाराने त्याच दिवशी वाचून दाखवावं.

एक सावधगिरी. १९ वं वचन, माझा देव तुमची सर्व गरज पुरवील, हे लोकांना फार आवडतं. पण ते देणाऱ्या मंडळीला म्हटलं आहे आणि तेही आधीच गरजेत असलेल्या मंडळीला. ‘दोनशे द्या, दोन हजार मिळतील’ असा अर्थ तुझ्या तोंडून निघू देऊ नकोस. तुझ्या मंडळीत विधवा आहेत, त्या ते खरं धरून चालतील.

शेवटी कुणाला हात वर करायला लावू नकोस. कोरे कागद वाट, नाव आणि रक्कम घरी ठरवून पुढच्या रविवारी आणायला सांग. घरच्यांशी बोलून दिलेलं टिकतं. त्या जोडप्याचं पत्र महिन्यातून एकदा उपासनेत वाचायचं, त्यांना उत्तर लिहायचं आणि वर्षातून एकदा कुणीतरी दोघांनी प्रत्यक्ष जाऊन यायचं, हेही त्याच कागदावर लिहून दे. एपफ्रदीताचं काम करायला कोण तयार आहे, ते नाव मला फोनवर कळव.

तुझी,
आई