सूचना : रविवारच्या आयआयटी भेटीबद्दल

सभासद मित्रहो, पवईचं आवार पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी हे आधीच सांगून ठेवतो. भेटायचं मेन गेटला. रिक्षावाल्याला नुसतं "आयआयटी" म्हणाल तर तो वाय-पॉइंट गेटलाही सोडेल, म्हणून "मेन गेट" असं स्पष्ट सांगा. फोटो असलेलं ओळखपत्र जवळ असू द्या, गेटवर दाखवावं लागतं.

आत फिरायला टमटम आहे, म्हणजे संस्थेची छोटी बस. ती मेन गेट आणि हॉस्टेलांच्या दरम्यान ये-जा करते. चढण्याआधी चालकाला "गेटकडे की हॉस्टेलकडे?" एवढं विचारा, नाहीतर उलट्या दिशेची फेरी फुकट घडेल. सुट्टीच्या दिवशी तिची फार वाट पाहू नका, चालत निघा.

व्याख्यान लेक्चर हॉल संकुलात, एलसी 101 मध्ये आहे. इथे गोंधळ होतो, कारण एलए, एलसी, एलएच, एलटी अशी अक्षरं वेगवेगळी आहेत आणि 101 क्रमांक एलएचलाही आहे. आधी अक्षरं जुळवा, मग आकडा. आकड्यातला पहिला अंक मजल्याचा, शून्य म्हणजे तळमजला. त्यामुळे एलसी 101 पहिल्या मजल्यावर आणि एलसी 001 त्याच इमारतीत खाली.

ज्यांची मुलं 12, 13 किंवा 14 नंबरच्या हॉस्टेलात आहेत त्यांच्यासाठी : ही तिन्ही एकाच संकुलात आहेत, मेसही सामायिक. तेव्हा फोनवर "मेसपाशी उभा आहे" एवढं सांगून भागणार नाही, हॉस्टेलचा नंबर सांगा.

रस्त्यात गायी-बैल आडवे बसलेले दिसले तर वळसा घाला; ते उठत नाहीत.