पत्रा मधून नाही, कडेपासून उडतो

संपादक साहेब, नमस्कार,

मे-जूनचं वादळ झालं की तुमच्या पेपरात बातमी येतेच, रावेर-यावलकडे केळी आडवी, अमुक गावात एवढ्या घरांचे पत्रे उडाले, आणि सोबत फोटो. तो फोटो कधी नीट बघा. बऱ्याच वेळा मधले पत्रे जागेवरच असतात, गेलेला असतो तो कोपरा नाहीतर वळचणीची सगळी ओळ. मी शेडचं फॅब्रिकेशन करतो म्हणून माझी नजर तिथंच जाते, आणि मग वाईट याचं वाटतं की नंतर तोच पत्रा परत तेवढ्याच बोल्टवर बसवतात.

लोकांना वाटतं वारा पत्र्याच्या खाली शिरतो आणि उचलतो. तेही होतं, पण जास्त जोर वरून असतो. वारा भिंतीवर आदळून वर चढतो, कडेला आला की त्याला एकदम आडवं वळता येत नाही, तो छपरापासून सुटतो आणि कडेच्या पट्ट्यात हवेचा दाब कमी होतो, म्हणजे पत्रा वर ओढला जातो. वारा तिरका, थेट कोपऱ्यावर आला तर दोन्ही कडांवरून भोवरे सुटतात, म्हणून कोपऱ्याला सगळ्यात जास्त ओढ. छपराला उतार बऱ्यापैकी असला की आढ्यावरही हेच, एका पाखावरून चढलेला वारा आढ्यावर सुटतो आणि पलीकडच्या बाजूला ओढतो.

आता हिशोब बघा. वारा ताशी १०० किलोमीटर धरला तर त्याचा दाब एका चौरस मीटरला साधारण ४७ किलो होतो. आपल्याकडचं वाऱ्याचं कोड आहे, आयएस ८७५ भाग ३, त्यात सपाट किंवा अगदी कमी उताराच्या छपराला मधल्या भागात याच्या ०.८ पट ओढ धरतात आणि कडेच्या पट्ट्यात २ पट. म्हणजे मध्ये ३८ किलो आणि कडेला ९४. हा पट्टा शेडच्या रुंदीच्या १५ टक्के किंवा उंचीएवढा, जे कमी असेल ते, म्हणजे २० फूट रुंद आणि १२ फूट उंच शेडला कडेचे ३ फूट. पत्र्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला फक्त चार-पाच किलो. त्यात समोरचं शटर उघडं राहिलं तर आतली हवा खालून ढकलते ते वेगळं, आणि वळचणीला बाहेर आलेल्या पत्र्याला तर खालून-वरून दोन्हीकडून बसतं. वारा १०० चा १४० झाला की हे सगळं जवळपास दुप्पट होतं, कारण जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि १४० म्हणजे सेकंदाला ३९ मीटर, महाराष्ट्राच्या बऱ्याच भागाला कोडमध्ये हाच आकडा धरलाय.

असं असताना सगळ्या छपराला सारखेच बोल्ट कसे चालतील? मधल्या पर्लिनवर, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पाईपवर, पत्र्याच्या दोन-तीन नळ्या सोडून बोल्ट मारला तर चालतं, पण वळचण, आढं आणि दोन्ही बाजूच्या कडा इथं एक नळी सोडून एक पाहिजेच, आणि कोपऱ्याच्या पत्र्याला प्रत्येक नळीवर. कडेच्या पहिल्या दोन पर्लिनमधलं अंतरही मधल्यापेक्षा कमी ठेवायचं. एका शेडला यात वाढतं काय तर थोडे बोल्ट, वॉशर आणि एखादा पाईप. गिऱ्हाईक भाव पाडतं आणि कारागीर पहिले बोल्टच कमी करतो, हे मी रोज बघतो.

पत्रा उडाल्यावर तो कुठून सुटला हे बघणं फार गरजेचं आहे. बोल्ट पाईपवर तसाच उभा आणि पत्र्याला फाटलेलं भोक, म्हणजे वॉशर लहान किंवा बोल्ट कमी. स्क्रूच पाईपातून उपटून आला असेल तर पाईप पातळ आहे, तिथं नुसते जास्त स्क्रू मारण्यापेक्षा पाईप बदला. आणि पत्र्यासकट पर्लिनच गेली असेल तर कैचीवर तिला नुसता वेल्डिंगचा टाका मारलेला होता, मग पत्र्याला कितीही बोल्ट मारले तरी उपयोग नाही, कडेच्या पर्लिनला कैचीवर पूर्ण वेल्डिंग किंवा क्लीट-बोल्ट पाहिजे आणि कैचीसुद्धा खांबाला तशीच पक्की पाहिजे.

छपरावर दगड ठेवायची सवय तर सोडाच. २० किलोचा दगड कडेला ९४ किलोच्या ओढीपुढे काय करणार, पत्र्यासोबत तोही खाली येतो आणि लोक त्यानेच जखमी होतात.

पंचनाम्यात किती पत्रे गेले एवढंच लिहितात. कोपरा गेला की मधला भाग, बोल्ट तुटला की पाईप सुटला, एवढी एक ओळ तलाठी भाऊंनी सोबत लिहिली आणि तुम्ही ती बातमीत छापली, तर पुढच्या वेळी पत्रा बसवताना घरमालक कारागिराला कडेचे बोल्ट मोजायला लावेल.

आपला,
एक फॅब्रिकेटर वाचक, चोपडा तालुका