साखरेआड लपणारा शिळा चक्का

प्रति,
मा. संपादक यांस,

महोदय,

गुढीपाडवा जवळ आला की आमच्या भुसावळात डेअरीसमोर श्रीखंडासाठी रांगा लागतात. आखाजीला आपल्या खान्देशात खापरावरची पुरणपोळी आणि आमरस हाच मान असला, तरी पाडव्याला श्रीखंड-पुरी आता घरोघरी ठरलेली आहे. ते सुटे विकत घेताना गेल्या वर्षी मी जी चूक केली, तिच्याविषयी हे पत्र.

सणाच्या दोन दिवस आधी एका डेअरीतून मी दोन किलो केशर श्रीखंड आणि एक किलो आम्रखंड घेतले. दुकानात चाखले तेव्हा दोन्ही गोड आणि दाट लागले. पाडव्याच्या सकाळी मात्र आम्रखंडाच्या डब्याचे झाकण फुगलेले होते, उघडताच आंबूस वास आला आणि जिभेला बारीक चुणचुण जाणवली. पृष्ठभागावर लहान बुडबुडेही दिसत होते. ते टाकून द्यावे लागले. केवळ वर पाणी सुटले असते तर मी एवढी घाबरले नसते, कारण चांगल्या श्रीखंडालाही ठेवल्यावर थोडे पाणी सुटते आणि ते ढवळले की मिसळून जाते. फुगलेले झाकण, बुडबुडे आणि चुणचुण ही मात्र यीस्ट वाढल्याची लक्षणे आहेत आणि त्यावर ढवळणे हा उपाय नाही.

दुकानात हे का कळले नाही, याचा विचार करताना लक्षात आले की साखर आंबटपणा झाकते. चक्का जुना झाला की तो आंबट होत जातो आणि साखर वाढवली की जिभेला तो आंबटपणा कमी जाणवतो. म्हणून ताजेपणा पाहायचा तर श्रीखंड नव्हे, बिनसाखरेचा चक्का चाखावा. ताजा चक्का सौम्य आंबट, लोण्यासारखा मऊ असतो. जुना चक्का जिभेला झोंबतो आणि कधीकधी कडवट चव मागे ठेवतो. जी डेअरी चक्का आणि श्रीखंड दोन्ही विकते, तिथे चिमूटभर चक्का मागायला संकोच वाटू नये. आम्रखंडाच्या बाबतीत हे अधिकच जपावे लागते, कारण आंब्याचा वास आणि रंग उरलेसुरले दोषही झाकतो.

साखरेचीही एक मर्यादा आहे. अन्नसुरक्षेच्या मानकांनुसार श्रीखंडातील पाणी वगळून उरलेल्या घन भागात साखर ७२.५ टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. आकडा मोठा वाटतो, पण व्यवहारात साधारण किलोभर चक्क्याला पाऊण किलो ते आठशे ग्रॅम साखर, एवढाच त्याचा अर्थ होतो. बरोबरीने साखर घातलेले श्रीखंड बहुधा या मर्यादेपलीकडे जाते. उलट साखर फार कमी केली तर ते कमी टिकते, कारण साखर पाणी धरून ठेवते आणि बिघाड लांबवते. तेव्हा कमी गोड श्रीखंड त्याच दिवशी संपवावे.

आता प्रमाणाविषयी. आम्ही नऊ मोठे आणि पाच मुले जेवायला होतो आणि दुकानदार ‘किलोला आठ जण धरा, ताई’ म्हणाला. पण पुरी, बटाट्याची भाजी, कोथिंबीर वडी आणि मठ्ठा ताटात असताना मोठ्या माणसाला शंभर ग्रॅम आणि मुलाला साठ ग्रॅम पुरते. म्हणजे नऊशे आणि तीनशे मिळून बाराशे ग्रॅम, आणि आग्रहासाठी तीनशे धरले तरी दीड किलो झाले. यंदा मी साडेआठशे ग्रॅम ताजा चक्का घेऊन घरी साडेसहाशे ग्रॅम पिठीसाखर घालणार आहे. साखर मिसळल्यावर चक्का आधी पातळ होतो. फ्रीजमध्ये तीन-चार तास ठेवला की पुन्हा दाटतो, म्हणून घाईने पातळपणाला दोष देऊ नये. तयार घ्यायचेच असेल तर पाडव्याच्या सकाळीच घ्यावे आणि काट्यावर रिकामा डबा ठेवून वजन शून्य करायला सांगावे, नाहीतर डब्याचे वजनही श्रीखंडाच्या भावाने विकत घेतले जाते. उन्हात गाडीवरून आणताना सोबत बर्फाची पिशवी असावी.

सुट्या मिठाईच्या ट्रेवर ती कधीपर्यंत खाण्यायोग्य आहे, ही तारीख लिहिणे १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक झाले होते. पेढ्यांच्या ट्रेवर ती चिठ्ठी आता दिसते. श्रीखंडाच्या पातेल्यापाशी मात्र मी ती अजून पाहिलेली नाही. निदान पाडव्याच्या आठवड्यात तरी डेअरीचालकांनी चक्का कधी बांधला, ती तारीख पातेल्यावर लिहावी, एवढी विनंती आपल्या पत्रातून त्यांच्यापर्यंत पोहोचावी.

आपली,
एक वाचक, भुसावळ