शिंक्यातला गूळ आणि कासवाची यादी

चि. राणीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर गोष्ट अर्धीच राहिली. ट्रक आला, मुकादमानं हाक मारली आणि मला मोळ्या वाहायला पळावं लागलं. तू रुसून फोन ठेवलास, ते दिवसभर मनात राहिलं. आज गाडी उशिरा यायची आहे. कोपीत कंदील लावलाय, तुझी आई भाकरी थापतेय. म्हणून पुरी गोष्ट लिहून पाठवतो. रात्री अंथरुणात बाळ्यालाही वाचून दाखव.

आपल्या बालाघाटाच्या डोंगरात एक ओढा आहे. एका ठिकाणी तो फाटतो आणि थोडं पुढं जाऊन परत एक होतो. मधल्या टेकाडावर जांभळीचं झाड, झाडाखाली बैलगाडीएवढा खडक आणि खडकाच्या खोबणीत मधाचं मडकं. तोंडावर दगडाची जड चीप. पावसाळ्यात कुणाला खोकला झाला तर लागेल म्हणून सगळ्यांनी मिळून साठवलेला मध होता तो. राखण कासवाकडं.

एका रात्री धो धो पाऊस झाला. ओढ्याला दोन्ही अंगांनी पूर आला. मध्यरात्री पाऊस थांबला तेव्हा कासव खडकावर जाऊन आलं. चीप जागच्या जागी होती. सकाळी बघतं तर चीप बाजूला पडलेली, मडकं रिकामं.

पूर ओसरल्यावर पलीकडचे सगळे गोळा झाले आणि एका आवाजात म्हणाले, "अस्वल! दुसरं कोण? मध म्हटलं की त्याला सुधरत नाही."

अस्वल बिचारं खाली मान घालून बसलं.

कासव म्हणालं, "मध आवडतो, एवढ्यानं तो खाल्ला असं होत नाही. आधी मला सांगा, काल रात्री टेकाडावर होतं कोण कोण?"

राणी, इथं जरा थांब. कासवानं चोर शोधायला सुरुवात केली नाही, आधी यादी केली. यादीतून एकेकाचं नाव खोडत गेलं की शेवटी उरेल तो चोर, हे खरं. पण खरा चोर मुळात यादीतच नसला तर? मग उरेल तो निरपराध असेल, आणि मार त्याला बसेल. म्हणून कासव सगळ्या काठानं हळूहळू फिरलं. पाण्यातून वर आलेलं रात्रीचं एकही पाऊल चिखलात नव्हतं. म्हणजे पलीकडून कुणी आलं नव्हतं. पाखरांना ती चीप हलणार नाही. मुंग्या फटीतून आत शिरतील, पण चीप उचलून बाजूला ठेवणार नाहीत. राहिले तिघं: अस्वल, मुंगूस आणि माकड.

"आणि चौथा मी," कासव म्हणालं. "मीही इथंच होतो."

त्यानं सगळ्यांसमोर चिपेला डोकं लावलं, पाय रोवले, जोर केला. चीप तसूभर हलली नाही. तेव्हाच त्यानं स्वतःचं नाव खोडलं.

मग खडकाभोवतीचा चिखल बघितला. आपल्या काळ्या मातीचा चिखल तुला माहीतच आहे, चप्पल ओढून घेतो. त्यात कासवाची फरपट होती, आणि दुसरी लहान लहान नखांची पावलं थेट खडकापर्यंत गेलेली. मुंगसाची! सगळे ओरडले, "सापडला चोर!"

मुंगूस म्हणालं, "मी गेलो होतो, पण बेडकामागं."

कासवानं त्याचं म्हणणं खरं मानलं नाही, खोटंही मानलं नाही. त्याला म्हणालं, "चीप उचलून दाखव." मुंगसानं पुढच्या पायांनी, दातांनी, पाठीनं, सगळ्या परीनं करून बघितलं. जमलं नाही. पावलांवरून एवढंच कळत होतं की मुंगूस खडकापाशी आलं होतं. चीप कुणी काढली ते पावलं सांगत नव्हती. दुसरं नाव खोडलं गेलं.

अस्वलाची वेळ आली. ससा त्याच्या बाजूनं बोलायला उठला, "मडक्याचं तोंड बारीक, अस्वलाचा पंजा मोठा. आत जाणारच नाही. सोडा त्याला."

कासवानं नकारार्थी मान हलवली. "पंजा जात नाही, हे खरं. पण अस्वल वारुळातली वाळवी पंजानं खातं का? त्याला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं, सुर्र सुर्र आवाज लांबवर येतो. मधही तसाच ओढला असेल तर?"

बघ राणी, अस्वल सुटावं असं कासवालाही वाटत होतं. तरी कच्च्या कारणावर त्यानं नाव खोडलं नाही. आज कच्चं खोडलं तर उद्या दुसराच कुणी अडकतो.

त्यानं अस्वलाला ओल्या चिखलातून खडकाकडं चालायला लावलं. माणसाच्या पावलासारखी रुंद, खोल पावलं उमटली, पुढं लांब नखांच्या रेघा. तसलं एकही पाऊल आधी तिथं नव्हतं. रात्रीच्या पावसानं पुसलं असेल म्हणावं, तर चीप पाऊस थांबल्यानंतर हललेली. कासवाची स्वतःची फरपट अजून तशीच होती.

"झाडावरून आलं असेल," घोरपड म्हणाली. "अस्वल झाडावर चढतं."

हा प्रश्न चांगला होता. कासवानं वर बघितलं. खडकावर जांभळीची एकच फांदी आली होती, मनगटाएवढी. जांभळीचं लाकूड किती ठिसूळ! तुझ्या मामाचा हात मोडला तो असल्याच फांदीवरून पडून. अस्वलाच्या भारानं ती कडाडून खाली आली असती. फांदी तर साबूत होती. तिसरं नाव खोडलं.

राहिलं माकड. सगळे त्याच्यावर धावले, पण कासव आडवं आलं. "उरला म्हणून चोर म्हणायचं, तर आधी त्याला हे जमतं का ते बघू. त्यालाही जमलं नाही तर माझी यादी चुकली." माकडाला सांगितलं, तेव्हा ते फांदीवरून लोंबकळत खडकावर उतरलं. चिखलाला पाय लागला नाही. दोन्ही हातांनी चीप उचलली, बारका हात मडक्यात तळापर्यंत घातला. आणि त्याच फांदीवर मुंग्यांची रांग लागली होती, वर, पार ढोलीपर्यंत. ढोलीच्या कडेला मधाची चिकट बोटं.

माकड रडायला लागलं. कासवानं त्याला त्या दिवशी मोहोळ शोधायच्या कामाला लावलं, आणि सगळ्यांना अस्वलाजवळ जाऊन बसायला सांगितलं.

आता आपल्या घरचं. तू म्हणालीस, शिंक्यातला गूळ बाळ्यानंच खाल्ला, कारण त्याला गूळ लई आवडतो. आजीनं त्याला दोन धपाटेही दिले म्हणे. तर उद्या एवढं कर. बाळ्याला शिंक्याखाली उभं कर, पाटावर चढव, हात पोचतो का बघ. उरलेल्या ढेपेवर दातांच्या बारीक रेघा आहेत का बघ, म्हणजे उंदराचं कळेल. त्या दिवशी घरात कोण कोण होतं ते वहीत लिही. त्यात तुझंही नाव घाल, कासवानं घातलं होतं तसं. आणि रविवारी फोन केला की मला वाचून दाखव, मी लवकर मोळ्या टाकून मोकळा होतो.

आजीला नमस्कार. बाळ्याच्या पाठीवरून हात फिरव.

तुझे आप्पा