आत्याच्या घरी कसं सांगायचं

सोलापूर,
रात्री साडेनऊ

प्रिय सुनील,

तुझा निरोप वाचला. कांजण्यांमुळे मातीला जाता येत नाही, हे आत्याच्या घरी कसं सांगायचं, असं तू विचारलंस. मामा गेले, फार वाईट झालं. आत्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

उद्या सकाळी नऊला घरून निघून मोदी स्मशानभूमीत नेणार आहेत. त्यामुळे फोन आजच कर, आणि तो आत्याला नको, थोरल्या संजयला कर. सगळी जुळवाजुळव त्याच्याकडे आहे. पहिलं वाक्य हेच असू दे: "मला मातीला येता येत नाही, माझ्यासाठी थांबू नका." तू भवानी पेठेत, ते जुळे सोलापुरात. गावातला भाचा येईलच, असं धरून ते तिरडी उचलायची थांबतील. "जमलं तर येतो" तर अजिबात म्हणू नकोस.

मग कारण, नाव घेऊन. नुसतं "बरं नाही" म्हटलंस की लोकांना मागच्या वर्षीची जागेची कुरबुर आठवेल. असं सांग: "मला कांजण्या झाल्यात, परवा पुरळ उठलं. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत दुसऱ्याला लागतात. वहिनींना सातवा महिना आहे, म्हणून मी उंबऱ्यालाही येत नाही." संजयला त्याच्या बायकोची काळजी आहेच, पुढे काही समजवावं लागणार नाही. गरोदर बाईला आधी कांजण्या झालेल्या नसतील तर तिला आणि बाळाला खरोखर धोका असतो.

एक चूक मात्र होऊ देऊ नकोस. आपल्या ऐवजी सुनीताला पाठवायचं तुझ्या मनात आहे. तिला लहानपणी झाल्या नसतील, लसही घेतलेली नसेल, तर तिला पाठवू नकोस. लागण झाल्यावर पुरळ उठायला 10 ते 21 दिवस जातात आणि उठायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस दुसऱ्याला देऊ शकतो. ती धडधाकट दिसते, पण तेवढ्यावर भरवसा ठेवता येत नाही. मुलांचंही तेच. तुझा चुलतभाऊ वेगळा राहतो, तुझ्याकडे या दिवसांत आलेला नाही, त्याला पाठव. आत्याच्या माहेरचा माणूस खांद्याला दिसला पाहिजे.

आत्याशी उद्या संध्याकाळी बोल, सगळे परतल्यावर. तिला आजाराचं एका वाक्यात सांग, मग मामांबद्दलच बोल. ती रडली तर रडू दे, फोन तू आधी ठेवू नकोस. ग्रुपवर फोडांचा फोटो टाकू नकोस. पुरावा दिल्यासारखं होतं, आणि तिथे सगळे मामांचे फोटो लावत असतील.

तिसऱ्या दिवशी सावडायला तुला जाता येणार नाही, तेही संजयला आजच सांगून टाक. दहाव्याचा शब्द देऊ नकोस. बहुतेकांच्या खपल्या पुरळ उठल्यापासून पाच-सात दिवसांत धरतात, मोठ्या माणसाला जास्तही लागतात. एकही ओला फोड उरला नाही असं डॉक्टरांनी पाहून सांगितलं, तरच निघ. नाहीतर माहेरची साडी चुलतभावाच्या हाती पाठवू. साडी मी उद्या दुपारी घेऊन ठेवतो. रंग कोणता, ते तेवढं सुनीताला विचारून कळव.

तुझा,
विजय