दोन घसे, एक पाकीट

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे सांगायला गेले की आपलं भांडण होतं. बाबा "बरं बरं" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई कुकरची शिट्टी झाली म्हणून ठेवून देते. म्हणून लिहिते आहे.

आधी वाईट बातमी. 3 मेची रत्नागिरीची तिकिटं मी काल रद्द केली. बाबा, रागावू नका. मंगळवारी जे झालं त्यानंतर तुम्हाला मेच्या उन्हात तेवढा प्रवास करायला लावायला माझा जीव धजत नाही. काकांशी बोलून घेतलंय. पूजा जूनमध्येही होते असं तेच म्हणाले, मी त्यांच्या तोंडी घातलेलं नाही. आंबे इथे दादरला येतील, पेटी मी सांगून ठेवली आहे.

मंगळवारचं मला नीट जुळवून बघायचं होतं, म्हणून आईला चार वेळा तेच तेच विचारलं. सकाळी साडेसहाला चहा. आठला बीपीची गोळी, अर्ध्या भांड्याबरोबर. मग अकरा वाजता बाबा बाजारात आणि बँकेत. निघताना पाणी नाही, कारण वाटेत "जावं लागलं तर कुठे जाणार". सव्वा वाजता घरी आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला, जीभ टाळूला चिकटलेली, आणि सकाळपासून एकदाच लघवी, तीही कोऱ्या चहासारखी गडद. एवढं असून बाबा म्हणाले, तहान नाही लागली!

बाबा, ते खोटं नव्हतं, हे मला डॉक्टरांशी बोलल्यावर कळलं. वय वाढलं की तहानेची जाणीवच मंद होते, आणि मूत्रपिंडंही पूर्वीसारखी पाणी धरून ठेवत नाहीत. त्यात तुमच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं आहे. त्यात आपल्या मुंबईची हवा. दमटपणामुळे घाम वाळत नाही, वाळला नाही की अंग गार होत नाही, म्हणून शरीर आणखी घाम काढत राहतं. तुमचं पाणी तीन वाटांनी जात होतं आणि आत आला होता सकाळचा चहा आणि अर्धं भांडं पाणी. डॉक्टरांनी आडवं करून आणि उभं करून बीपी मोजलं ना? वरचा आकडा 138 वरून 112 वर आला. खुर्चीतून उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली ती त्यामुळेच.

आता आई, तुझ्याकडे वळते, पण तू मनाला लावून घेऊ नकोस. तू घाईत ओआरएसचं पाकीट स्टीलच्या पेल्यात ओतलंस आणि वर पाणी भरलंस. मागच्या वर्षी नातवाच्या जुलाबांना आणलेली पाकिटं 200 मिलीची होती, एका पेल्याला एक. हे नवं पाकीट एक लिटरचं. दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात, अक्षरंही मुंगीएवढी. मीसुद्धा फसले असते. पण त्यामुळे पेल्यात पाचपट मीठ-साखर गेली. मिठाच्या बाबतीत ते चौपाटीच्या पाण्याच्या जवळपास पोचलं होतं. असं दाट पाणी पोटात गेलं की आतडं ते शोषून घेण्याऐवजी अंगातलंच पाणी आतड्यात ओढून आणतं. म्हणून बाबांना मळमळलं आणि घसा आणखी कोरडा पडला. चार घोटांनंतर "नको" म्हणाले ते बरं झालं. लहानपणी मी औषध थुंकायचे तेव्हा धपाटा मिळायचा, हे आठवून मला त्या दिवशी हसूच आलं.

म्हणून पुढच्या वेळी एक लिटरची बाटली मोजून भरायची. पाणी आधी उकळून गार केलेलं, आणि त्यात अख्खं पाकीट. अर्धं पाकीट अंदाजाने नको. वरून साखर नको, लिंबू नको, आणि तयार झाल्यावर उकळायचं नाही. दुसऱ्या दिवशी उरलं तर फेकून द्यायचं. जीव तुटेल तुझा, तरी फेकायचं. बाबांनी ते एका दमात न पिता घोट घोट घ्यायचं, पेला संपायला अर्धा तास लागला तरी चालेल. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. चाखून बघ. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून टाक.

साखर काढून टाकू का, असं तू विचारलंस. नको गं. आतड्याच्या आतल्या अस्तरात एक दार असतं, त्यातून मीठ आणि साखर जोडीनेच आत जातात आणि पाणी त्यांच्या मागोमाग. साखर काढलीस तर मीठ दारातच अडकतं. शिवाय पाकिटाच्या एका लिटरमध्ये ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम, म्हणजे पेल्यात तीन ग्रॅमसुद्धा नाही. तुझ्या लिंबू सरबतात याहून किती जास्त असते ते आपण बोलायलाच नको.

पण खरा मुद्दा तुझाच आहे. तुला रोज पहाटे घशाला कोरड पडते म्हणून तू अधूनमधून हेच पाणी पितेस, हे बाबांनी मला हळूच सांगितलं. तुझी कोरड वेगळी आहे. तू पंख्याखाली तोंड उघडं टाकून झोपतेस आणि रात्री सर्दीची गोळी घेतेस, तीही तोंड सुकवते. तुझी लघवी फिकट आहे, चक्कर नाही, म्हणजे अंगात पाणी भरपूर आहे. तुला साधं पाणी पुरे. ओआरएसच्या एका लिटरमध्ये जवळजवळ साडेचार ग्रॅम मिठाएवढं सोडियम असतं, म्हणजे दिवसभराच्या मिठाचा बहुतेक सगळा वाटा. बीपी असलेल्यांनी रोजचं सरबत म्हणून ते प्यायचं नाही. घरात ज्याचा घसा ओरडतो त्याला ओआरएस नको आणि जो गप्प बसतो त्याला कधीतरी लागतं, अशी आपली गंमत आहे. तुझी कोरड पाणी पिऊनही हटली नाही तर मात्र शुगर तपासून घेऊ.

बाबा, तहानेची वाट बघू नका. मी स्टीलची एक लिटरची बाटली पाठवली आहे, झाकण सोपं उघडणारं. सकाळी भरायची आणि संध्याकाळी सहाच्या आत संपवायची, म्हणजे रात्री उठावं लागणार नाही. ताक, पेज, आमटीचं पाणी हे त्याशिवाय. ताकात मीठ बेताचं. बाजारात अकराला जायचं नाही, भाजीवाला आता वर आणून देईल, मी बोलले आहे. तो जास्त घेतो हे मला माहीत आहे, घेऊ दे. घामाघूम झालात, जुलाब झाले किंवा उठताना फिरलं, तरच पाकीट फोडायचं. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टर सोमवारी बघतील.

आई, बाबा कधी असंबद्ध बोलायला लागले, अंग तापलं, झोपाळू झाले किंवा सहा-आठ तास लघवीच झाली नाही, तर तोंडात काही ओतू नकोस, ठसका लागेल. ओल्या पंच्याने पुसत राहा, पंखा लाव, 108 ला फोन कर, मला नंतर.

मी त्या दिवशी पुण्यात मीटिंगमध्ये होते आणि तुझे तीन फोन बघितले नाहीत. त्याबद्दल तू एक अक्षर बोलली नाहीस.

उद्या सकाळी नऊला फोन करते. बाटली किती रिकामी झाली ते बाबांनी स्वतः सांगायचं.

तुमची,
छकुली