पालकमंत्री साहेब, माझा पाच लिटरचा कॅन अजून रिकामाच आहे

माननीय पालकमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये खरीप आढावा बैठकीला आपण आमच्या तालुक्याला आला होता. मी मागून चौथ्या रांगेत उभं राहून विचारलं होतं, की फवारणीच्या मशीनला पेट्रोल लागतं, पंपावर डब्यात देत नाहीत, काय करायचं? आपण माईक हातात घेऊन म्हणालात, "शेतकऱ्याची अडवणूक होणार नाही, मी सूचना देतो." टाळ्या झाल्या, त्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. आज अडीच महिने झाले, सूचना कुठं पोचली ते मला कळलेलं नाही. माझा धाकटा भाऊ मात्र जिल्हा रुग्णालयाच्या जळीत वॉर्डात पोचला.

काय झालं ते सविस्तर सांगतो, कारण बातमीत फक्त "फवारणी करताना शेतकरी भाजला" एवढंच आलं.

आमचं तीन एकर सोयाबीन आणि दोन एकर कापूस. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सोयाबीनवर उंटअळी पडली. सहा दिवस झड होती, सातव्या दिवशी उघडीप मिळाली. फवारणीला असे चार-पाच तासच मिळतात हे आपल्याला सांगायला नको, आपणही शेतकऱ्याचेच पुत्र म्हणून मतं मागितली होती. मी सकाळी सातला गाडी काढली, मागं स्टीलचा पाच लिटरचा कॅन बांधला. चुडीचं झाकण, आत रबरी वायसर. हा कॅन मी मुद्दाम छत्रपती संभाजीनगरहून आणलेला, कारण कायदा वाचला होता. पंप गावापासून अकरा किलोमीटर.

पंपावर पहिली अडवणूक हेल्मेटची. घाईत घरी राहिलं, ही चूक माझी, कबूल. पण पुढं काय झालं ते ऐका. हवा भरायच्या मशीनच्या खिळ्याला एक हेल्मेट टांगलं होतं, त्याचा पट्टा तुटलेला. रांगेतला माणूस ते डोक्यावर ठेवायचा, पेट्रोल घ्यायचा आणि मागच्याला द्यायचा. मी वीस मिनिटांत ते नऊ डोक्यांवर फिरलेलं पाहिलं. कॅमेऱ्यात नऊही जण हेल्मेटवाले दिसले असतील. पंपाबाहेर पडताना एकाच्याही डोक्यावर काही नव्हतं. ज्या पोरानं पेट्रोल सोडलं त्याला मी विचारलं, तर तो म्हणाला, "काका, मी हट्ट धरला तर मला मारतेत. गेल्या महिन्यात एकानं कानशिलात दिली." महिन्याला आठ-नऊ हजारांवर राबणाऱ्या पोराला तुम्ही वाहतूक पोलीस केलंत, आणि पोलिसांनी मात्र फाट्यावरून गाडी हलवली नाही.

हेल्मेटला माझा विरोध नाही. माझा चुलतभाऊ वीस वर्षांपूर्वी ट्रॉलीला धडकून गेला, डोक्यालाच मार होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नं हेल्मेट चालवणाऱ्यालाही लागतं आणि मागं बसणाऱ्यालाही. कलम १९४ ड प्रमाणं हजार रुपये दंड आहे, तीन महिने लायसन बाद आहे. तो अधिकार रस्त्यावरच्या पोलिसाचा आहे, नोझल धरणाऱ्या पोराचा नाही. २०१६ च्या जुलैत आपल्याच राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी "हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही" जाहीर केलं होतं. पंपवाल्यांनी विरोध केला आणि काही दिवसांतच ते सौम्य करावं लागलं. इतक्या वर्षांनी पुन्हा तोच फलक आमच्या पंपावर लागतो, आणि बिनहेल्मेटचा माणूस रिझर्व्हवर आलेली गाडी घेऊन तशीच उघड्या डोक्यानं अकरा किलोमीटर माघारी जातो. यात डोकं कुणाचं वाचलं?

असो. गाडीत पेट्रोल पडलं. मग मी कॅन पुढं केला. "डब्यात बंद आहे." मी म्हणालो, प्लॅस्टिक नाही, स्टील आहे, झाकण बघ. तो म्हणाला, "स्टीलचा असू की सोन्याचा, साहेबाचा आदेश आहे." आदेशाची प्रत मागितली तर मॅनेजरनं भिंतीवरचा फलक दाखवला. फलकावर ना क्रमांक, ना तारीख, ना सही.

साहेब, पेट्रोलियम कायदा १९३४ चा आहे. त्याचं कलम ८ आपल्या स्वीय सहायकाला मोठ्यानं वाचायला सांगा. विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल ३० लिटरपर्यंत बाळगायला आणि न्यायला परवाना लागत नाही. भांडं काच, चिनीमाती किंवा धातूचं हवं आणि झाकण घट्ट हवं. काच-चिनीमाती असेल तर एक लिटरपर्यंत, धातू असेल तर २५ लिटरपर्यंत. प्लॅस्टिकच्या बाटलीचं नावही त्यात नाही. डिझेलला तर कलम ७ नं अडीच हजार लिटरपर्यंत परवान्याची गरज नाही, फक्त एका भांड्यात हजार लिटरच्या वर नको. कारण डिझेलची वाफ पेट घ्यायला पस्तीस अंशांच्या पुढं तापावं लागतं आणि पेट्रोलची वाफ बर्फातसुद्धा पेटते. कायदा करणाऱ्यांना हा फरक नव्वद वर्षांपूर्वी कळत होता. आमच्या पंपावरच्या फलकाला पेट्रोल, डिझेल, बाटली, कॅन, ड्रम सगळं एकच.

गाडीच्या टाकीतून काढून घ्या, असं मॅनेजर म्हणाला. जुन्या गाड्यांना खाली कॉक होता, नळी काढली की पेट्रोल यायचं. बीएस-६ गाडीला ते नाही, रबरी नळी घालून तोंडानं ओढावं लागतं. आमच्या गावात एकानं ओढलं, घोट गेला, ठसका लागला आणि पेट्रोल फुप्फुसात उतरलं. तो आठ दिवस ऑक्सिजनवर होता.

आणि फवारणीचं मशीन पंपावर नेता येत नाही का, असं कुणी विचारेल म्हणून सांगतो. आमचं मशीन टू-स्ट्रोक आहे. त्यात नुसतं पेट्रोल घातलं तर पिस्टन जाम होतो. लिटरला ४० मिली ऑइल आधी डब्यात मिसळून, हलवून मगच टाकीत ओतायचं असतं. म्हणजे डबा ही आमची हौस नाही, डब्याशिवाय ते मशीन चालतच नाही. हे नियम लिहिणाऱ्या एकाही माणसाच्या पाठीला कधी मशीनचा पट्टा लागलेला नाही, म्हणून हे होतं.

मी रिकामा कॅन घेऊन परत आलो. धाकट्यानं वाट पाहून फाट्यावरच्या टपरीतून दोन बाटल्या आणल्या होत्या. पाण्याच्या लिटरच्या बाटल्या, १४० रुपयांना एक. आमच्या रस्त्यावर अकरा किलोमीटरमध्ये अशा सात टपऱ्या मी मोजल्यात. बाटल्या उन्हात मांडलेल्या असतात, शेजारी गुटखा आणि बिस्किटाचे पुडे. त्या टपरीवाल्याला पंपावर ड्रमनं पेट्रोल मिळतं आणि मला पाच लिटरच्या कॅननं मिळत नाही, हे कसं, याचं उत्तर मला पंपानंही दिलं नाही आणि तहसीलनंही.

साडेदहाला अर्ध्या शेतात मशीन बंद पडलं. धाकट्यानं ते पाठीवरून काढून धुऱ्यावर ठेवलं. सायलेन्सर तापलेला होता, दहा मिनिटं थांबायला पाहिजे होतं. पण पश्चिमेला आभाळ दाटून आलं होतं. त्यानं झाकण काढलं आणि बाटलीतून ओतलं. बाटलीला धार धरायला चोच नसते आणि ती दाबली गेली की भसकन येतं. पेट्रोल टाकीच्या कडेनं सायलेन्सरवर सांडलं. मी वीस पावलांवर होतो. मला आधी आवाज आला, चादर झटकल्यासारखा. मग त्याचा उजवा हात कोपरापर्यंत पेटलेला दिसला. बाटली हातातून खाली पडली आणि जाळ सरीसरीनं पुढं पळाला, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते. भिजलेलं पोतं होतं म्हणून तो जगला. मशीन पाठीवर असतं तर हे पत्र मी लिहूच शकलो नसतो.

उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये गॉज घालतात. दर दोन दिवसांनी ते बदलताना तो माझा खांदा दातांनी धरतो. तिसऱ्या दिवशी जबाब घ्यायला आलेल्या हवालदारानं त्याला पहिला प्रश्न विचारला, "बाटलीत पेट्रोल का घेतलं?"

बंदी का आली हे मला माहीत आहे. २०२० च्या फेब्रुवारीत हिंगणघाटला एका प्राध्यापिकेला भररस्त्यात पेट्रोल टाकून जाळलं, तेव्हा आमच्या घरातल्या बायकांनी दोन दिवस अन्न गोड मानलं नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात बीड-माजलगावात जाळपोळ झाली. अशा वेळी सुटं पेट्रोल बंद करा, माझी तक्रार नाही. पण मग आदेशावर तारीख घाला, किती दिवसांसाठी ते लिहा. आणि ज्याला माणूस जाळायचा आहे त्याला टपरीवर नाव न विचारता बाटली मिळते, तिथं तुमचा फलक काय करतो? मी तर माझं नाव, मोबाईल नंबर, सातबारा सगळं द्यायला तयार होतो. मीच सापडतो, म्हणून मलाच अडवायचं. वीज रात्री देणार, बियाणं उगवलं नाही तर पंचनामा आमचा, विमा कंपनीचा फोन लागत नाही, आणि जे एक काम आम्ही कायद्यानं करायला गेलो तिथं कायदाच कुणी वाचलेला नाही. मुंबईत सही होते, इथं माणूस भाजतो, आणि मधले सगळे म्हणतात, वरून आलंय.

माझं मागणं फार नाही. धातूच्या, चुडीच्या झाकणाच्या कॅनमध्ये शेतकऱ्याला पाच लिटरपर्यंत पेट्रोल द्यावं, वहीत नाव-नंबर लिहून घ्यावा, असा लेखी आदेश जिल्हाधिकाऱ्यांकडून काढून घ्या. पंपाला ना-हरकत तेच देतात, तेव्हा पंपवाला ऐकेल. त्यात कॅन भरायची रीतही लिहा: गाडीवर किंवा हातात धरून नाही, जमिनीवर ठेवून, नोझल कॅनच्या तोंडाला टेकवून, म्हणजे भरताना तयार होणारी वीज जमिनीत उतरते आणि ठिणगी पडत नाही. आणि काठोकाठ भरू नका, उन्हात पेट्रोल फुगतं. प्लॅस्टिक बाटली खुशाल बंद ठेवा, पण टपरीवरही बंद करा. हेल्मेट तपासायचं तर फाट्यावर पोलीस उभा करा, आणि त्या खिळ्याचं हेल्मेट आजच काढा.

तहसीलला मी हेच लेखी दिलं आहे, पोच माझ्याकडे आहे. उत्तर नाही. येत्या सोमवारी आपला जनता दरबार आहे. मी तो स्टीलचा कॅन, धाकट्याचं दवाखान्याचं कार्ड आणि कलम ८ ची प्रत घेऊन येतो आहे. कॅन रिकामा आहे, दारावरच्या पोलिसांना तसं आधीच सांगून ठेवा.

आपला,
मराठवाड्यातला एक सोयाबीन शेतकरी